अंबीला वेगळं बसवा

माझी वहिनी कुणाला भ्यायची नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात ती सगळा वेळ घाबरलेलीच दिसेल आणि तुम्हाला वाटेल, बाई मुळातच भित्री. तसं अजिबात नव्हतं. जाईबाई तिचं नाव. गिरणीत रिळिंग खात्यात कामाला होती. तिथे बायकांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीने एकदा एका गरोदर बाईला उभं करून नको नको ते ऐकवलं, तर वहिनी हातातलं सूत टाकून उठली आणि नायकिणीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. नायकीणच गेली निघून. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या चळवळीत काळाचौकीत अश्रुधूर सुटला तेव्हा आमच्या गॅलरीतले मोठे मिशावाले आत पळाले आणि ही ओल्या फडक्यांची बादली घेऊन जिना उतरली. माझा दादा, राजाराम, वरून ओरडत राहिला, पण ही कुठली ऐकतेय.

अशा बाईला कुणी घाबरवलं असेल, तर शेंगदाण्याने. सगळी चाळ हसायची तिला. हसणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

झालं असं की तिची मुलगी अंबिका, आमची अंबी, तीनेक वर्षांची असताना तिने माझ्या ताटातली दाण्याची चटणी बोटाने चाटली. थोड्या वेळात ओठ सुजले, अंगभर लालभडक गांधी उठल्या. माझी आई म्हणाली, "पित्त उठलंय, काय नाय होत." आमसुलं भिजत घातली आणि पोरीला चोळायला बसली. अंबी ओकली आणि मग आपोआप उतरलं सगळं. आईला वाटलं आमसुलाने उतरलं. पुढच्या वर्षी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी खाल्ली, तेव्हा मात्र पोरीचा आवाजच गेला. तोंड उघडून रडत होती आणि आवाज येत नव्हता. आई परत आमसुलं शोधायला लागली. वहिनीने तिला हाताने बाजूला केलं, पोर उचलली आणि अनवाणी परळच्या मोठ्या इस्पितळात पळाली. तिथे सुई टोचल्यावर पोरीचा आवाज परत आला.

डॉक्टरीणबाईंनी दादाला आणि वहिनीला समोर बसवून समजावलं. हे पित्त नव्हे, याला ॲलर्जी म्हणतात. शेंगदाणा आणि तीळ, दोन्ही हिला चालणार नाहीत, आणि कधी चालतील याचा भरवसा नाही. याच्यावर रोजचं औषध नाही, पोटात जाऊ द्यायचं नाही हेच औषध. दोनदा वाचली म्हणून तिसऱ्यांदा तेवढ्यावर भागेल असं धरू नका. घाण्याचं शेंगदाण्याचं तेलसुद्धा नको.

"तेलसुद्धा" हा शब्द वहिनीने घरी आणला आणि आमचं घर बदललं. घरात फक्त खोबरेल, त्यातच फोडणी. आईने आठवडाभर तोंड वाकडं केलं. वहिनी पाळीवरून आली की आधी अंबीचं तोंड उघडून बघायची, मग स्वतः पाणी प्यायची. माझे, दादाचे, सगळ्यांचे हात हुंगायची. मी बाहेर मैत्रिणीबरोबर खारे दाणे खाल्ले तर नळावर साबणाने हात धुऊन, चूळ भरून मगच दारात पाय टाकायचा. मी तेव्हा सोळा वर्षांची, मला या सगळ्याचा वैताग यायचा. पण अंबी रात्री खोकली की मीच पहिली उठायची, हेही खरं.

अंबीला शाळेत घातलं, त्याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही बौद्ध झालो होतो. चळवळीमुळे समोरच्या चाळीतल्या कोकणातल्या मराठ्यांचं आणि आमचं येणंजाणं थोडं वाढलं होतं. तिथली सुभद्राकाकू एकदा अंबीसाठी वाटीभर चिवडा घेऊन आली. आमच्या दारात तिच्या हातची वाटी पहिल्यांदाच येत होती. वहिनी म्हणाली, "नको काकू, आमच्या पोरीला नाय चालत." काकूचा चेहरा उतरला. "आता आमच्या हातचं तुम्हाला चालत नाय व्हय?" म्हणाली आणि वाटी घेऊन गेली. वहिनी मागून सांगत राहिली, शेंगदाण्यामुळे गं काकू, शेंगदाण्यामुळे. पण शेंगदाण्याने कुणाला काही होतं, हे तेव्हा ऐकलं होतं कुणी? लोकांना नाही म्हणण्याचं एकच कारण ठाऊक होतं.

जूनमध्ये अंबीला म्युनिसिपालटीच्या शाळेत घातलं. आता दिवसाचे चार तास पोर वहिनीच्या नजरेआड जाणार. त्या काळजीने तिचं जेवण सुटलं. शेवटी म्हणाली, "अहो, मास्तरांना पत्र लिहा. सगळं लिहा. मी सांगते तसं."

दादा रिंग खात्यात होता, पण अक्षर मोत्यासारखं. वहिनी सांगत होती आणि तो लिहीत होता. एका जागी त्याचा टाक थांबला. वहिनी म्हणाली होती, "खायच्या वेळी तिला वेगळं बसवा."

"हे मी नाही लिहिणार," दादा म्हणाला.

"का?"

"मी शाळेत चार वर्षं वेगळा बसलो जाई. दाराबाहेर, पोत्यावर. आता माझ्याच हाताने लिहू, की माझ्या पोरीला वेगळं बसवा?"

वहिनीलाही ते कळत होतं, ती काय वेगळ्या घरातून आली होती? मग हळू म्हणाली, "बाजूला बसणाऱ्याच्या डब्यात काय आहे ते मला दिसणार नाय. मला भीती वाटते. मला दिवसभर भीती वाटते. लिहा."

दादाने लिहिलं. मी ते पत्र नेऊन दिलं, त्याआधी दोनदा वाचलं, म्हणून बऱ्यापैकी आठवतं.

"मा. वर्गशिक्षक, इयत्ता पहिली, यांस सप्रेम जयभीम. माझी मुलगी कु. अंबिका हिला शेंगदाणे व तीळ यांची ॲलर्जी आहे असे इस्पितळातील डॉक्टरांचे सांगणे आहे. म्हणजे इतरांना हे अन्न असले तरी तिच्या अंगास ते विषासारखे आहे. अगदी थोडे पोटात गेले तरी ओठ व डोळे सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलटी होते, आवाज बसतो व श्वास अडकतो. तिला केळे, पेरू, उकडलेले अंडे, साधे दूध व घरून डब्यात दिलेला पदार्थ चालतो. शेंगदाणे, तीळ, चिक्की, लाडू, चटणी, चिवडा, भेळ व उपासाची खिचडी चालत नाही. बाहेरचे तळलेले चालत नाही, कारण ते बहुधा शेंगदाण्याच्या तेलात असते. फुटाणे व कुरमुरे चालले असते, परंतु भट्टीवाला त्याच कढईत शेंगदाणे भाजतो व त्याच मापाने देतो, म्हणून तेही नकोत. शेंगदाणे खाल्लेल्या हाताने कोणी तिला घास देऊ नये. खाण्याच्या वेळी तिला वेगळे बसवावे. काही त्रास दिसल्यास आमसूल लावू नये, वाट पाहू नये, लगेच परळच्या इस्पितळात न्यावे व आम्हास कळवावे. आपला, राजाराम धोंडू तांबे."

मास्तरांचं नाव तळवडेकर. खादीचा सदरा, सडपातळ, चळवळीत दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. माणूस सोन्यासारखा होता, आणि म्हणूनच मला त्यांचा इतका राग येतो. वाईट माणसापासून आपण सावध तरी असतो. मास्तरांनी पत्र उभ्यानेच वाचलं. शेवटाकडे आल्यावर त्यांचे डोळे भरल्यासारखे झाले. घडी घालून त्यांनी ते खिशात ठेवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "दादाला सांग, माझ्या वर्गात कुणीही वेगळं बसत नाही. बसणारही नाही."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. दादाचा चेहरा खुलला. वहिनीचा पडला. दुसऱ्या दिवशी खाडा करून ती स्वतः शाळेत गेली. परत आली ती दाराला टेकून उभीच राहिली.

"काय म्हणाले?" दादाने विचारलं.

"ताई म्हणाले मला. बसायला खुर्ची दिली. काळजी करू नका म्हणाले."

"मग झालं तर."

"पण काही विचारलं नाय हो त्यांनी," वहिनी म्हणाली. "ओठ कसे सुजतात, किती वेळ लागतो, सुई कुठली. एक शब्द विचारला नाय. ज्याला पटलंय तो माणूस विचारतो."

दादा म्हणाला, तू उगाच शंका काढतेस. पण तिला कळलं होतं. मास्तरांच्या मनात काय चाललंय ते तिला सांगता आलं नसतं, एवढंच. त्यांनी पत्रातला आजार वाचलाच नव्हता. त्यांनी जयभीम वाचलं आणि वेगळे बसवावे वाचलं. त्यांना वाटलं, वर्गातल्या कुणाच्या आईने पोरीला बाजूला हो म्हटलं असेल आणि या मानी लोकांनी तो अपमान झाकायला आजार काढलाय. शेंगदाण्याने कुणी मरतं का? हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं.

जुलै गेला. अंबी आपल्या डब्यातलं खायची आणि घरी येऊन सांगायची, "मास्तरांनी मला मधे बसवलं." वहिनी रोज तिचं तोंड हुंगायची. गिरणीत काम करताना तिच्या हातून धागे तुटायला लागले. एकदा मला म्हणाली, "चंपे, भोंगा वाजला ना की मला वाटतं कुणीतरी मला बोलवायलाच आलंय."

श्रावणातला शनिवार होता. शाळा सकाळची. मी अंबीला आणायला जरा लवकरच निघाले, कारण लालबागला मोर्चा होता आणि रस्ते अडणार होते. वर्गाच्या दारात पोचले तर आत मुलं गोल करून बसलेली. मधे मोठी परात. मास्तर बाह्या सरसावून सगळ्यांचे डबे त्या परातीत रिकामे करत होते. पोहे, भाकरी, दहीभात, लोणचं, लाह्या, कुणाची उसळ. ते मुलांना सांगत होते की गोकुळातल्या पोरांनी असाच काला केला, कुणाची शिदोरी कुठली ते कुणाला ओळखू आलं नाही, आपलंही आजपासून तसंच. अंबीचा डबाही त्यांनी त्यात उपडा केलेला होता.

पहिला घास त्यांनी अंबीला भरवला. मान म्हणून भरवला.

मी दारातून पाहिलं तेव्हा ती तो गिळत होती. परातीत दहीभातावर लालसर कूट पडलेलं मला दिसलं. मी आत घुसले, अंबीच्या तोंडात बोट घालून उरलेलं काढलं. मास्तर म्हणाले, "अगं, हे काय करतेस?" मी म्हटलं, "यात दाणे आहेत. मास्तर, यात दाण्याचं कूट आहे." ते माझ्याकडे बघत राहिले, मी अडाण्यासारखं काही बोलते आहे अशा नजरेने. आणि अंबी म्हणाली, "आत्या, जीभ चावते."

मग त्यांच्या डोळ्यांदेखत झालं सगळं. आधी खालचा ओठ, मग डोळे. मानेवर गांधी उठल्या आणि एकमेकींत मिसळल्या. ती ओकली. मला वाटलं आता उतरेल. नाही उतरलं. ती खोकायला लागली आणि खोकल्यातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. वर्गातली पोरं रडायला लागली. मास्तरांनी खिशात हात घातला, तेच पत्र काढलं, उघडून बघितलं आणि तसंच खाली टाकलं. मग पोरीला उचलून ते धावत सुटले. मी मागे.

ट्राम बंद, बस बंद. लालबागच्या नाक्यावर माणसांची भिंत. मास्तर ओरडत होते, "वाट द्या, पोर गुदमरतेय, वाट द्या," आणि लोक वाट देत होते, पण हजारो माणसांनी सरकायचं तरी कुठे? अंबीचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि माझ्याकडे तोंड होतं. तिचे ओठ निळसर व्हायला लागलेले मला दिसत होते. मी चालता चालता तिच्याशी बोलत होते, काय बोलत होते देव जाणे. मनात एकच, वहिनीला काय सांगू. वहिनीला मी काय सांगू.

पलीकडे पोलिसांची निळी गाडी उभी होती. त्याच गाडीत घालून मास्तरांना दोनदा नेलं होतं. ते सरळ तिच्यापाशी गेले आणि फौजदाराला म्हणाले, "मला पाहिजे तर अटक करा, पण परळला चला." फौजदाराने पोरीकडे बघितलं आणि दार उघडलं.

इस्पितळात तिला सुई दिली. काही वेळाने आणखी एक दिली. नाकाला नळी लावली. मला बाहेर काढलं. वहिनीला गिरणीत निरोप गेला होता. ती आली तेव्हा तिच्या केसांत कापसाचे तंतू होते आणि चेहरा पांढरा पडला होता. तिने मला काही विचारलं नाही. दाराशी जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून ठेवली. आतून अंबीचा रडण्याचा आवाज आला, चांगला मोठा, तेव्हा वहिनीने चौकट सोडली आणि तिथेच आडवी झाली. अशी बाई चक्कर येऊन पडते हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. उतरलेलं पुन्हा चढतं कधी कधी, म्हणाले. आम्हीही सगळे थांबलो. मास्तरही घरी गेले नाहीत. दादा आला तेव्हा ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "राजारामभाऊ, मला वाटलं तुम्ही अपमान झाकताय. मला वाटलं मी तो पुसतोय."

दादा शांत माणूस. पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "मास्तर, ती ओळ लिहिताना मला किती त्रास झाला, तुम्हाला माहीत नाही. आणि तुम्ही त्या ओळीशिवाय दुसरं काही वाचलंच नाही."

एवढंच बोलून दादा वहिनीपाशी जाऊन बसला. मला वाटत होतं त्याने अजून बोलावं, भरपूर बोलावं.

पुढे मास्तरांनी जे करायचं ते सगळं केलं. दादाने पत्र पुन्हा लिहिलं, खाली डॉक्टरांची सही आणली. मास्तरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं, हेडमास्तरांकडे एक प्रत दिली, दारावर एक लावली. अंबीला खिडकीशी वेगळी बसकण दिली आणि मधल्या सुट्टीत ते स्वतः तिच्याजवळ एक केळं घेऊन बसायचे. सुभद्राकाकूलाही कळलं. ती येऊन वहिनीच्या गळ्यात पडून रडली. चाळीचं हसणं बंद झालं. सगळं नीट झालं म्हणा ना.

फक्त अंबी जेवेना.

घरी आणल्यावर वहिनीने तिला मऊ भात आणि दूध कालवून दिलं. पोरीने ताटाकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून बसली. "खा गं बाळ, आईने केलंय," वहिनी म्हणाली. अंबी म्हणाली, "मास्तरांनी पण चांगलंच दिलं होतं."

माझी आई पदर तोंडाला लावून गॅलरीत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. पाणी प्यायची, तेही पेला हुंगून. सहा वर्षांची पोर, पण अगदी आईसारखी हुंगायची. वहिनीने ते पाहिलं आणि मला म्हणाली, "चंपे, मला हिला सावध करायचं होतं गं. अशी नव्हती करायची."

त्या संध्याकाळी भात शिजला, तेव्हा वहिनीने पातेलं खाली उतरवलं आणि आमच्या कुणाचंही ताट न वाढता स्वतःच एक घास घेतला. खाल्ला. मग अंबीपुढे जाऊन बसली आणि आ करून तोंड दाखवलं. जीभ दाखवली, ओठ दाखवले. दोघी तशाच एकमेकींकडे बघत बसल्या. भात गार होईपर्यंत बसल्या. मग अंबीने हात पुढे केला.

आमच्या घरात सुनेने शेवटी जेवायचं. दादा, मग आई, मग अंबी, मग मी, आणि सगळ्यांचं उरलंसुरलं, खरवड, ते वहिनीचं. लग्न होऊन आल्यापासून ती तशीच जेवली होती. त्या दिवसापासून अंबी सासरी जाईपर्यंत आमच्या घरात पहिला घास वहिनीने घेतला. रोज, दोन्ही वेळा, प्रत्येक पातेल्यातला. आम्ही सगळे ताटं घेऊन थांबायचो, दादासुद्धा. आईने सुरुवातीला एकदा तोंड उघडलं होतं, पण दादाने तिच्याकडे पाहिलं, तशी ती गप्प बसली. बाहेरून कुणी आलं तर म्हणायचं, काय ही सून, नवऱ्याच्या आधी खाते. मी म्हणायची, बसा, दिसेल तुम्हाला.

त्यांना काय दिसणार? वहिनी घास तोंडात घालायची, चावायची आणि गिळण्याआधी क्षणभर थांबायची. तिला स्वतःला दाण्याने कधीच काही होणार नव्हतं. तरी ती थांबायची, आणि रोज तेवढा क्षण तिचे डोळे भीतीने मोठे झालेले मी पाहिलेत.